खोक्यांचं बिल दुसऱ्याच फर्मवर आणि जुन्या दराने: पुरवठादाराकडे नेमकं काय मागायचं

प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमची भागीदारी फर्म आहे. सिन्नरच्या एका कारखान्याकडून १८ नोव्हेंबर २०२५ ला २,००० कोरुगेटेड खोकी घेतली. माल आमच्याच गेटवर उतरला, पण बिल वडिलांच्या जुन्या प्रोप्रायटरी फर्मच्या नावाने आणि तिच्या जीएसटी नंबरवर आलं. शिवाय खोक्यांवर ५ टक्के असताना त्यांनी १२ टक्के लावलेत. डिसेंबरच्या १४ तारखेला आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, बिल दिसलं नाही तेव्हा हे लक्षात आलं. पुरवठादार म्हणतो, "नाव बदलून दुसरी प्रिंट पाठवतो." एवढ्याने भागेल का? पैसे अजून दिलेले नाहीत.

उत्तर:

नाही, भागणार नाही. ती प्रिंट फाइलला लावूच नका, कारण तिच्यामुळे एकाच नंबरची दोन वेगळी बिलं तयार होतील. पुरवठादाराने नोव्हेंबरचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलेलं आहे, म्हणजे पोर्टलवर हे बिल वडिलांच्या फर्मच्या नंबरवर आणि १२ टक्क्यांनी नोंदलं गेलं आहे. टॅलीत नाव बदलून नवा कागद काढला तरी पोर्टलवरची नोंद तशीच राहते. तुमच्या भागीदारी फर्मला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळतं ते २बीत दिसणाऱ्या नोंदीवर. तुमच्या हातातला कागद त्या नोंदीशी जुळला पाहिजे, एकट्या कागदावर क्रेडिट मिळत नाही.

आधी शब्दांचा एक घोळ काढून टाकू. आपण सगळेच सर्रास "रिवाइज्ड बिल द्या" म्हणतो. जीएसटी कायद्यात 'रिवाइज्ड इन्व्हॉइस' हा प्रकार आहे, पण तो वेगळ्याच कामासाठी आहे. एखाद्याची नोंदणी ज्या तारखेपासून लागू झाली ती तारीख आणि नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं ती तारीख, यांच्या मधल्या काळातल्या विक्रीसाठी ते बिल काढतात. चुकलेलं बिल सुधारण्यासाठी तो कागद नाही. त्यामुळे पुरवठादाराच्या अकाउंटंटला नुसतं "रिवाइज्ड पाठवा" सांगितलं की तो त्याच नंबरने दुसरी प्रिंट काढतो, आणि तुमच्याकडे तेच होऊ घातलं आहे. कागदाचं नाव घेऊनच मागणी करायला हवी.

तुमच्या बिलात दोन चुका आहेत आणि कायद्याच्या नजरेत त्या वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

फक्त जीएसटी नंबर चुकला असता आणि दर बरोबर असता, तर क्रेडिट नोटची गरजच नव्हती. पुरवठादाराने पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, आधीच्या बिलांच्या दुरुस्तीचा ९ए नावाचा जो तक्ता असतो, तिथे जुनं बिल उघडून घेणाऱ्याचा नंबर बदलला असता. बिलाचा नंबर आणि तारीख मूळचीच राहिली असती आणि नोंद तुमच्या फर्मकडे आली असती.

दर जास्त लागला असेल तर जीएसटी कायद्याचं कलम ३४ लागू होतं. बिलात लावलेला कर देय करापेक्षा जास्त असेल तर पुरवठादाराने क्रेडिट नोट काढायची, असं ते कलम सांगतं. कर कमी लागला असता तर उलट डेबिट नोट आली असती.

दोन्ही चुका एकाच बिलात असताना माझा सल्ला स्पष्ट आहे. वडिलांच्या फर्मच्या नावे पूर्ण बिलाची क्रेडिट नोट घ्यायची, त्याच १२ टक्क्यांनी. आणि त्याच दिवशी भागीदारी फर्मच्या नावे ५ टक्क्यांचं नवं बिल, नव्या नंबरने. फक्त दरातल्या फरकाची क्रेडिट नोट मागितली तर दोन अडचणी येतात. ती नोट मूळ बिलाला जोडलेली असल्यामुळे वडिलांच्याच फर्मवर पडते, तुमच्याकडे काहीच येत नाही. दुसरं म्हणजे त्या नोटमध्ये मालाची किंमत शून्य आणि नुसता कर दाखवावा लागतो, आणि तशी नोंद अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा अडकते. पूर्ण बिल उलटवलं की दोन्ही कागदांवरचा गुणाकार सरळ राहतो.

तुमच्या आकड्यांवर हे मांडून दाखवतो. नग २,०००. दर ४२ रुपये धरला तर मालाची किंमत ८४,००० रुपये होते. मूळ बिलात त्यावर १२ टक्के, म्हणजे केंद्राचा ५,०४० आणि राज्याचा ५,०४०, मिळून १०,०८० रुपये कर, एकूण ९४,०८०. क्रेडिट नोटही तेवढ्याच रकमेची, ९४,०८० ची. नव्या बिलात तेच ८४,००० आणि ५ टक्क्यांनी २,१०० अधिक २,१०० असे ४,२०० रुपये कर, एकूण ८८,२००. तुम्ही द्यायची रक्कम ५,८८० रुपयांनी कमी होते. तुमचा दर वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पुरवठादार इथे जवळजवळ हमखास म्हणतो, "तुम्हाला क्रेडिट मिळतंच ना, मग १२ काय आणि ५ काय?" हे मान्य करू नका. कोरुगेटेड खोक्यांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे आणि तुमचा माल त्यानंतर जवळपास दोन महिन्यांनी निघाला. देय नसलेल्या कराचं क्रेडिट घेतलं की तपासणीत त्यावर बोट ठेवलं जातं, आणि तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, पुरवठादाराला नाही. शिवाय ५,८८० रुपये तुमच्या खिशातून आधी जातात ते वेगळंच.

मात्र त्याची बाजूही समजून घ्या, कारण ती समजली की बोलणं सोपं जातं. त्याच बदलात क्राफ्ट पेपरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. म्हणजे त्याचा कच्चा माल १८ टक्क्यांनी येतो आणि खोकं ५ टक्क्यांनी जातं. त्याच्याकडे क्रेडिट साठत जातं आणि परतावा मागण्याचं काम वाढतं. त्याची अडचण खरी आहे, पण तिचा मार्ग परताव्याच्या अर्जातून जातो. तुमच्या बिलावर जुना दर लावून ती सुटत नाही.

त्याची दुसरी भीती असते, "मी १०,०८० भरले, ते परत कधी मिळणार?" त्याला सांगा की वेगळा परतावा मागायचाच नाही. डिसेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये क्रेडिट नोट आणि नवं बिल एकत्र दाखवलं की १०,०८० वजा होतात, ४,२०० अधिक होतात, आणि ५,८८० रुपयांनी त्याचा डिसेंबरचा कर आपोआप कमी होतो. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून जीएसटीआर-३बीतला, म्हणजे दरमहा कर भरायच्या रिटर्नमधला, विक्रीचा कर हाताने बदलता येत नाही, जीएसटीआर-१ मधून जो येतो तोच राहतो. त्यामुळे "३बीत अ‍ॅडजस्ट करून घेतो" हा जुना उपाय त्याला आता उपलब्धच नाही.

तो आणखी एक सुचवू शकेल. नोव्हेंबरचं ३बी २० डिसेंबरपर्यंत भरायचं असल्यामुळे त्याआधी जीएसटीआर-१ए भरून त्याच महिन्याची दुरुस्ती करता येते. हे खरं आहे, पण १एमध्ये घेणाऱ्याचा जीएसटी नंबर बदलता येत नाही. दर सुधारेल आणि बिल वडिलांच्या फर्मवरच राहील. अर्धवट दुरुस्ती झाली की पुढची आणखी गुंतागुंतीची होते, म्हणून इथे १ए नको.

आणि हे अगदी ठळकपणे सांगा: ९ए किंवा क्रेडिट नोट, दोन्हीपैकी एकच. अकाउंटंटने ९एमध्ये नंबर बदलला आणि दुसऱ्या कोणी क्रेडिट नोटही काढली, की एकाच बिलाचा कर दोनदा कमी होतो. ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते आणि वार्षिक रिटर्नच्या वेळी वर येते.

आता वडिलांच्या फर्मकडे वळू. बहुतेक लोक हा भाग विसरतात आणि काम इथेच अडतं.

पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आहे, बोलताना सगळे आयएमएस म्हणतात. वडिलांच्या फर्मच्या लॉगिनमध्ये नोव्हेंबरचं हे बिल तिथे दिसत असेल. त्यावर काहीच केलं नाही तर १४ तारखेला २बी तयार होतानाच ते स्वीकारलं असं धरलं जातं आणि १०,०८० चं क्रेडिट त्या फर्मच्या २बीत येतं. माल त्या फर्मने घेतलेला नाही, त्यामुळे ते क्रेडिट तिचं नाही. म्हणून नोव्हेंबरचं ३बी भरण्याआधी त्या बिलावर 'पेंडिंग' करा. १४ तारखेनंतर आयएमएसमध्ये बदल केला की २बीची गणना पुन्हा करायचं बटण दाबावं लागतं, नाहीतर जुनाच आकडा ३बीत जातो. मग डिसेंबरची क्रेडिट नोट आली की बिल आणि नोट दोन्ही एकाच महिन्यात 'अ‍ॅक्सेप्ट' करा. १०,०८० अधिक आणि १०,०८० वजा, त्या फर्मचा हिशोब शून्य.

क्रेडिट नोट 'रिजेक्ट' करू नका. "आपला संबंध नाही" म्हणून अकाउंटंट ती नाकारतो, हेतू चांगला असतो, पण नाकारली की तेवढी रक्कम पुरवठादाराच्या पुढच्या कराच्या देण्यात परत चढते. ऑक्टोबर २०२५ पासून कलम ३४ मध्येच ही अट आली आहे: नोंदणीकृत खरेदीदाराने त्या बिलाचं क्रेडिट घेतलं असेल तर ते उलटवल्याशिवाय पुरवठादाराला कर कमी करता येत नाही. म्हणून पुरवठादार तुमच्याकडे वडिलांच्या फर्मचं लेखी पत्र मागेल, की "या बिलाचं क्रेडिट आम्ही घेतलेलं नाही आणि घेणार नाही". ते मागण्याआधीच द्या, काम दहा दिवस लवकर होतं. तुमच्याकडे दोन्ही फर्म घरातल्याच आहेत म्हणून हे सोपं आहे. नंबर एखाद्या परक्याचा पडला असता तर त्याच्याकडून हे सगळं करून घेणं हीच मोठी कसरत झाली असती.

त्या फर्मने क्रेडिट आधीच घेतलं असेल तर ३बीच्या ४बी भागात उलटवावं लागेल, आणि वापरूनही टाकलं असेल तर १८ टक्क्यांनी व्याज लागेल. दोन्ही फर्मची खाती एकच अकाउंटंट बघत असेल तर आजच विचारून घ्या.

आता मागणीचं पत्र. फोनवर बोला, पण ई-मेल कराच, आणि तो मालकासोबत त्यांच्या अकाउंटंटलाही पाठवा. मजकूर असा ठेवा:

"आपले बिल क्र. ३१२, दि. १८ नोव्हेंबर २०२५, रक्कम रु. ९४,०८०. या बिलात दोन चुका आहेत. (१) खरेदी ऑर्डर आमच्या भागीदारी फर्मची आहे आणि माल आमच्या अंबडच्या कारखान्यात उतरला आहे, पण बिलावर दुसऱ्या फर्मचे नाव व जीएसटी नंबर आहे. (२) कोरुगेटेड खोक्यांवर ५ टक्के कर असताना १२ टक्के लावला आहे. कृपया (अ) मूळ बिलावरील जीएसटी नंबरच्याच नावे पूर्ण रु. ९४,०८० ची क्रेडिट नोट आणि (आ) त्याच तारखेचे, आमच्या फर्मच्या नावे रु. ८४,००० अधिक ५ टक्के कराचे नवे बिल द्यावे. दोन्ही कागद डिसेंबर २०२५ च्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवावेत. हे बिल तक्ता ९एमध्ये दुरुस्त करू नये. मूळ बिलाचीच दुसरी प्रिंट चालणार नाही. सोबत: खरेदी ऑर्डर, गेटची आवक नोंद, आमच्या जीएसटी नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत, दुसऱ्या फर्मचे क्रेडिट न घेतल्याचे पत्र."

मूळ बिलाचा फोटो जोडा आणि चुकीच्या दोन जागांभोवती पेनने गोल करा. साधी गोष्ट आहे, पण अकाउंटंटच्या समोर पन्नास बिलं असतात आणि पत्र वाचण्याआधी त्याची नजर फोटोकडे जाते.

नवं बिल आलं की ते पाठवलेल्याच दिवशी तपासा. पहिली नजर जीएसटी नंबरवर. पहिले दोन आकडे २७ म्हणजे महाराष्ट्र, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढची दहा अक्षरं पॅन असतात, त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर बघा. तिथे पी असेल तर तो व्यक्तीचा पॅन आहे, म्हणजे वडिलांची प्रोप्रायटरी. एफ असेल तर भागीदारी. कंपनी असती तर सी. पुरवठादाराच्या टॅलीत तुमच्या दोन्ही फर्मचे लेजर जवळपास एकाच नावाचे असणार, आणि पुन्हा चुकीचा निवडला गेला तर हे एक अक्षर तुम्हाला दोन सेकंदांत सांगतं. नंबर पोर्टलच्या 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाकून नाव बघणं तर करायलाच हवं.

मूळ बिल नीट पाहिलंत तर कदाचित असंही दिसेल की माल पोचवायचा पत्ता अंबडचाच आहे आणि फक्त 'बायर'च्या चौकटीत जुनी फर्म आहे. टॅलीत या दोन वेगळ्या चौकटी असतात. गाडी बरोबर ठिकाणी येते म्हणून कुणालाच शंका येत नाही. यापुढे माल उतरवून घेताना गेटवरच्या माणसाने पत्ता न बघता 'बायर'खालचा नंबर बघायचा, ही सवय लावा.

दुसरी तपासणी शेऱ्याची. नवं बिल डिसेंबरच्या तारखेचं असेल आणि माल नोव्हेंबरमध्ये आला आहे. बिलावर शेरा नसेल तर तुमच्या ऑडिटरला वाटेल की २,००० खोकी दोनदा आली, किंवा डिसेंबरचं बिल मालाविना आलं. म्हणून बिलावर असं लिहून घ्या: "बिल क्र. ३१२, दि. १८ नोव्हेंबर २०२५ ऐवजी. माल त्याच दिवशी पोचवलेला आहे, नव्याने माल पाठवलेला नाही." क्रेडिट नोटवरही मूळ बिलाचा नंबर आणि तारीख हवीच, ती कायद्यानेच लागते. तुमच्याकडे गेटची नोंद, चलन आणि आवक रजिस्टर मूळ तारखेचंच ठेवा, त्यात खाडाखोड करू नका. माल भागीदारी फर्मनेच घेतला हे सिद्ध करणारा तो एकमेव पुरावा आहे.

ई-वे बिलाबाबत तुमच्या व्यवहारात काळजी नाही, कारण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ते लागत नाही. मोठा व्यवहार असता आणि ई-वे बिल निघालेलं असतं तर ते चोवीस तासांनंतर रद्द करता येत नाही. ते तसंच ठेवायचं आणि नव्या बिलावर नवं ई-वे बिल काढायचं नाही. गाडी हललेली नसताना काढलेलं ई-वे बिल म्हणजे नसलेल्या वाहतुकीची नोंद, आणि अशा नोंदी टोलनाक्यांवरच्या नोंदींशी पडताळल्या जातात.

पुरवठादाराची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर त्याला ई-इनव्हॉइस लागू असतं. बिलावर क्यूआर कोड आणि ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक, असेल तर ओळखा. तेही चोवीस तासांतच रद्द होतं, आणि रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्याच दिवशी चूक पकडली असती तर "रद्द करा आणि नवीन काढा" एवढंच पुरलं असतं. चोवीस तास उलटले की वर सांगितलेला क्रेडिट नोटचाच रस्ता राहतो, फक्त क्रेडिट नोट आणि नवं बिल दोन्हींना आयआरएन हवा.

पुरवठादार मासिक रिटर्न भरत असेल तर डिसेंबरचं जीएसटीआर-१ तो ११ जानेवारी २०२६ पर्यंत भरेल, १४ तारखेला तुमच्या २बीत नवं बिल ४,२०० च्या करासह येईल आणि तुम्ही ते २० तारखेच्या ३बीत घ्याल. तो तिमाही पद्धतीत असेल तर रिटर्न १३ जानेवारीपर्यंत जाईल. १४ तारखेला बघितल्यावर फक्त "बिल आलं" एवढ्यावर समाधान मानू नका. वडिलांच्या लॉगिनमध्ये क्रेडिट नोटही आली का ते बघा. नवं बिल दाखवलं आणि क्रेडिट नोट राहून गेली, तर पुरवठादाराने एकाच मालावर दोनदा कर भरलेला असतो. मार्चमध्ये ते त्याच्या लक्षात येतं आणि तेव्हा तो तुम्हाला न विचारता ९एमध्ये हात घालतो.

ही दुरुस्ती ३१ मार्चच्या आत उरका. कायद्याने मुदत बरीच आहे, २०२५-२६ च्या व्यवहारांसाठी क्रेडिट नोट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत किंवा पुरवठादाराने वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी होईल ते. पण नवं बिल एप्रिलनंतरचं निघालं तर माल एका आर्थिक वर्षात आणि बिल दुसऱ्यात जातं, मग खरेदी, साठा आणि वार्षिक रिटर्न यांचा मेळ घालणं अतिशय त्रासाचं होतं.

पैशांचं काय करायचं? पूर्ण रक्कम अडवून धरू नका. सिन्नरचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेला असण्याची शक्यता मोठी आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर त्याला व्याजाचा हक्क मिळतो. माल १८ नोव्हेंबरला घेतला, म्हणजे ४५ दिवस २ जानेवारीला भरतात. मालाचे ८४,००० रुपये मुदतीत देऊन टाका आणि कराचे ४,२०० नवं बिल २बीत दिसल्यावर देईन असं पत्रातच लिहा. मालाबद्दल तुमची तक्रार नाही हे त्याला कळतं, आणि राहिलेले ४,२०० त्याला कागद पूर्ण करायला आठवण देत राहतात. ९४,०८० मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. जास्तीचा कर एकदा दिला की तो परत मागत बसावं लागतं.

पुरवठादाराने काहीच केलं नाही तर? ११ जानेवारी उलटली आणि दोन्ही लॉगिनमध्ये काहीच आलं नाही, तर वडिलांच्या फर्मने पेंडिंग ठेवलेलं मूळ बिल आयएमएसमध्ये 'रिजेक्ट' करावं. ती कृती खरीही आहे, कारण माल त्या फर्मचा नाही. नाकारलेलं बिल पुरवठादाराला त्याच्या बाजूने दिसतं आणि मग त्याचा सल्लागारच त्याला विचारतो. भागीदारी फर्मला मात्र २बीत नोंद येईपर्यंत क्रेडिट घेता येणार नाही. हातातल्या बिलावर ते घेऊन टाकण्याचा मोह होतो, तो टाळा.

किरकोळ चुकांसाठी एवढी धावपळ करू नका. पत्त्यात गाळा नंबर चुकला, फर्मच्या नावातली एखादी वेलांटी गेली, तर क्रेडिट अडत नाही. कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण किंमत, दोघांचे जीएसटी नंबर आणि परराज्यातला व्यवहार असेल तर पुरवठ्याचं ठिकाण, एवढं बरोबर असेल तर नियम ३६ क्रेडिट घेऊ देतो. अशा चुकीसाठी पुरवठादाराच्या सहीचं एक पत्र पुरतं.

शेवटी पुरवठादाराला टॅलीतला दर मुळातून सुधारायला सांगा, नाहीतर डिसेंबरचं पुढचं बिलही १२ टक्क्यांनीच येईल. नेहमीचं कारण असं असतं की खोक्यांच्या स्टॉक ग्रुपवर २२ सप्टेंबरपासून ५ टक्के टाकलेले असतात, पण एखाद्या आयटमवर आधीच स्वतंत्र १२ टक्के लिहिलेले असतात. टॅली आयटमवरचा दर आधी धरते, ग्रुपवरचा नंतर. तुमच्या मापाच्या खोक्याचा आयटम उघडून तिथला दर बघायला सांगा, आणि वडिलांच्या फर्मशी त्यांचा आता व्यवहार नसेल तर त्या लेजरच्या नावापुढे "जुनी, बिल करू नये" असं लिहून ठेवायला सांगा.